ऑर्डर घेतानाचा डॉलर आणि पैसे येतानाचा डॉलर: फरक कुठे टाकायचा?

प्रश्न: सांगलीत आमचा हळद निर्यातीचा छोटा व्यवसाय आहे. ऑर्डर कधी डॉलरमध्ये येते, कधी युरोमध्ये. ऑर्डर घेताना दर एक असतो, पैसे येतात तेव्हा दुसराच. विक्री किती धरायची आणि मधला फरक कुठे दाखवायचा? गूगल शीटमध्ये ठेवतो, पण दर वेळी आकडा बदललेला दिसतो.

उत्तर:

आधी शेवटचं वाक्य घेतो, कारण दुखणं बहुतेक तिथेच आहे. तुमच्या शीटमध्ये दराच्या रकान्यात असं काहीतरी असणार:

```
=GOOGLEFINANCE("CURRENCY:USDINR")
```

हे सूत्र शीट उघडाल त्या दिवशीचा दर आणतं. म्हणजे फेब्रुवारीतली ऑर्डर जूनमध्ये उघडली की तिची रुपयातली किंमत जूनच्या दराने दिसते. ऑर्डर पक्की झाली त्या दिवशी दर हाताने टाइप करा, शेजारी तारीख लिहा आणि तो रकाना पुन्हा शिवू नका. युरोच्या ऑर्डरला युरोचा दर, डॉलरला डॉलरचा, प्रत्येक ऑर्डरच्या ओळीतच. वर एका कोपऱ्यात सगळ्यांसाठी एकच दर ठेवला की घोळ झालाच.

दर कुठला घ्यायचा? मी आपल्या बँकेचा त्या दिवशीचा टीटी खरेदी दर घेतो, कारण डॉलर विकायला गेलो तर हातात तोच पडतो. बातम्यांत दिसणारा दर जरा चढा असतो आणि त्यावर भाव काढला की नफा कागदावरच राहतो.

आता एक उदाहरण. मार्केट यार्डातल्या एका पेढीचं लिखाण मी सांभाळतो, त्यांच्या व्यवहारासारखंच आहे, आकडे सोयीचे केलेत. दुबईच्या गिऱ्हाइकाला १० टन हळद पावडर, किलोला २ डॉलर, एकूण २०,००० डॉलर. ऑर्डरच्या दिवशी दर ८६.४०. माल आठवड्यात निघाला आणि तेवढ्यात दर फारसा हलला नाही, म्हणून बिलालाही तोच दर लावला. विक्री झाली १७,२८,००० रुपये. पुढे डॉलर कुठेही जावो, हा आकडा दरामुळे हलत नाही.

पहिला हप्ता १२,००० डॉलरचा, त्या दिवशी दर ८६.९०. खात्यात मात्र ११,९६५ डॉलरचेच रुपये आले, म्हणजे १०,३९,७५८.५० रुपये. ३५ डॉलर मधल्या बँकेने कापले. बिलाच्या दराने १२,००० डॉलरचे १०,३६,८०० रुपये होतात. नुसती वजाबाकी केली तर २,९५८.५० रुपये नफा दिसतो आणि बरेच जण तोच लिहून मोकळे होतात. पण गिऱ्हाइकाने पूर्ण १२,००० पाठवले होते. दरातला फरक पन्नास पैसे, गुणिले १२,०००, म्हणजे विनिमय नफा ६,००० रुपये. आणि ३५ डॉलरचे ३,०४१.५० रुपये हा बँक खर्च. दोन्ही वेगळे लिहिले की वर्षअखेरीस बँकेने किती खाल्लं ते कळतं.

माझी पद्धत एका ओळीची आहे: आधी त्या बिलाचे डॉलर शून्य करायचे, मग रुपयात जे उरेल ते दराचं. डॉलर शून्य होत नसतील तर उरलेला फरक दराचा नाहीच, त्याचं कारण दुसरीकडे शोधायचं.

हे मी शिकलो ते ठेच लागून. उरलेल्या ८,००० डॉलरपोटी दोन महिन्यांनी ६,७७,०३० रुपये आले. दर ८५.७० वर उतरला होता. बिलाप्रमाणे ६,९१,२०० हवे होते. मी १४,१७० रुपयांचा विनिमय तोटा लिहिला आणि मालकांना सांगितलं, ‘शेठ, डॉलर पडला.’ पण ६,७७,०३० ला ८५.७० ने भागा, ७,९०० डॉलर येतात. पोती ओलावली म्हणून गिऱ्हाइकाने परस्पर १०० डॉलर कापले होते. खरा विनिमय तोटा ७,९०० वर सत्तर पैशांनी ५,५३० रुपये. आणि १०० डॉलरचे बिलाच्या दराने ८,६४० रुपये, ही क्रेडिट नोट, विक्रीतून वजा होणारी. मी ते दराच्या खात्यात पुरल्यामुळे पुढच्या दोन ऑर्डरींतही तशीच कपात झाली आणि कुणाला पत्ता लागला नाही. बँकेतून फोन आला, शिपिंग बिल बंद होत नाही, पैसे कमी आलेत, तेव्हा उलगडलं. बिलातली घट बँकेला कळवून मंजूर करून घ्यावी लागते, नाहीतर ईडीपीएमएस या रिझर्व्ह बँकेच्या निर्यात-नोंदींच्या प्रणालीत ते बिल उघडंच दिसत राहतं.

ऑर्डरचा दर बिलाला लावणं मात्र सरसकट चालत नाही. ऑर्डर ही नुसती कबुली आहे, हिशोबात नोंद होते ती विक्री झाल्यावर. लेखा मानक ११ व्यवहाराच्या तारखेचा दर मागतं. त्याच्या जवळपासचा दर चालतो, पण दर बराच हलला असेल तर नाही. ऑर्डरनंतर दीड महिन्याने माल गेला आणि डॉलर दीड रुपया सरकला, तर बिलाच्या दिवशीचाच दर लावा. ऑर्डरचा दर तरी पुसू नका. भाव देताना किती सुटणार होते आणि प्रत्यक्षात किती सुटले, हे त्यावरूनच कळतं. तो तुमच्या नफ्याचा हिशोब, बिलाचा दर वहीचा.

३१ मार्चला पैसे यायचे बाकी असतील तर आणखी एक पायरी. समजा त्या दिवशी ८,००० डॉलर येणं आहे आणि दर ८६.०० आहे. मग ३,२०० रुपये तोटा याच वर्षात लिहायचा आणि येणं ६,८८,००० दाखवायचं. नव्या वर्षात पैसे आले की तुलना ८६.०० शी करायची. ८६.४० शी केली तर तोच तोटा दोनदा लागतो. टॅलीत असाल तर ताळेबंदात `Unadjusted Forex Gain/Loss` ही ओळ दिसते का बघा. दिसली म्हणजे फरक निघालाय, पण जर्नल नोंद करून कुठल्या खात्यात टाकलेला नाही.

एक गैरसमज मी पुष्कळांकडे पाहिलाय. वहीत दर गोठवला म्हणजे डॉलर पडला तरी आपण सुरक्षित, असं नाही. ती फक्त नोंद आहे. खरोखर दर बांधायचा तर बँकेशी पुढच्या तारखेचा दर आधीच ठरवणारा फॉरवर्ड करार करावा लागतो आणि त्याची तारीख पाळावी लागते.

शिपिंग बिलावर तुम्हाला तिसराच दर दिसेल, तो सीमाशुल्क खात्याने जाहीर केलेला. जीएसटीतलं निर्यातीचं मूल्य त्याच दराने धरतात, म्हणून जीएसटीआर-१ मधली निर्यात आणि वहीतली विक्री जुळत नाही. ती ओढूनताणून जुळवू नका. बिल क्रमांक, डॉलर, दोन्ही दर आणि फरक असा एक कागद करून फाइलला लावा, सीए पहिल्यांदा तोच मागतो.