पाउंड वाचताना दोन्ही हितं एकाच पातळीवर ठेव

जर्मन कायदेपंडित साविन्यी आणि अमेरिकन कायदेपंडित पाउंड यांची तुलना करताना ‘एक मागे बघतो, दुसरा पुढे’ एवढं लिहून थांबू नकोस. एक खटला हाताशी घे: लॉकनर विरुद्ध न्यूयॉर्क, 1905. बेकरी कामगारांना दिवसाला 10 आणि आठवड्याला 60 तासांपेक्षा जास्त राबवू नये, असा न्यूयॉर्कचा कायदा होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो 5 विरुद्ध 4 मतांनी रद्द केला. कारण दिलं कराराच्या स्वातंत्र्याचं.

मालक आणि मजूर बरोबरीने सौदा करतात हे गृहीतक वास्तवात टिकत नाही, अशी टीका पाउंडने 1909 मध्ये केली. पण खरी मेख पुढे आहे. मालकाचा हक्क ‘वैयक्तिक’ आणि कामगारांचं आरोग्य ‘सामाजिक’ असं मांडलंस, तर दोन्ही हितांचं वजन करण्याआधीच निकाल लागतो. म्हणून पाउंड दोन्ही एकाच पातळीवर आणायला सांगतो: एकीकडे व्यवहारांची सुरक्षितता, दुसरीकडे सार्वजनिक आरोग्य, दोन्ही सामाजिक हितं.

साविन्यीने 1814 मध्ये जर्मनीसाठी एकच संहिता करायला विरोध केला, कारण कायदा लोकमानसातून आणि रूढीतून वाढतो असं तो मानत होता. त्याच्या कसोटीने विचारावं लागेल, ही तासांची मर्यादा लोकांच्या जाणिवेत रुजली आहे का? उद्योगच नवा असेल तर रूढी येणार कुठून? इथे तो मला अपुरा वाटतो.

पाउंडही अडतो, पण दुसऱ्या जागी. वजनासाठी त्याच्याकडे ठरलेलं माप नाही. तो त्या काळच्या समाजाची गृहीततत्त्वं आधाराला घेतो, आणि ती शोधायला पुन्हा इतिहासाकडेच जावं लागतं.