पार्किंगचं भांडण की जातीचं?

प्रश्न: "चार दिवसांपूर्वी चेंबूरच्या आमच्या सोसायटीत स्कूटर लावण्यावरून वाद झाला आणि तिघांनी काकांना लोखंडी पाइपने मारलं. हात मोडला. मारताना जातीवरून बोलले. आम्ही बौद्ध आहोत. पोलीस म्हणतात, भांडण पार्किंगचं आहे, जातीचं नाही. हेट क्राइमचं कलम लागतं का? त्यांच्या मनात जात होती हे सिद्ध कसं करायचं?"

काकांच्या हाताचं वाचून वाईट वाटलं. गेली बावीस वर्षं मी सत्र न्यायालयात फिर्यादींच्या बाजूने उभा राहतो आणि "भांडण पार्किंगचं आहे" हे वाक्य वेगवेगळ्या रूपांत ऐकत आलोय. कधी नळाचं, कधी बांधाचं, कधी उधारीचं.

हेट क्राइम नावाचा गुन्हा आपल्या कायद्यात नाही. भारतीय न्याय संहितेत जवळ जाणारी दोन कलमं आहेत. 103(2) जमावाने केलेल्या खुनासाठी आणि 117(4) गंभीर दुखापतीसाठी. वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, श्रद्धा अशा कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलं तर ती लागतात. म्हणजे तिघांनी मारलं तर ती लागतच नाहीत. शिवाय शिक्षा वाढते असंही नाही. साध्या खुनाला फाशी किंवा जन्मठेप, जमावाच्या खुनालाही तेच. साध्या गंभीर दुखापतीला सात वर्षांपर्यंत, जमावाच्या दुखापतीलाही सात वर्षांपर्यंतच. द्वेषासाठी शिक्षा खरोखर वाढवणारी तरतूद तुमच्या कामाची एकच आहे, ती 1989 च्या अॅट्रॉसिटी कायद्यात. कलम 3(2)(v).

हे कलम सांगतं की दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीविरुद्ध केला, तर शिक्षा थेट जन्मठेप आणि दंड. मूळ कायद्यात अट होती, ती व्यक्ती अनुसूचित जातीची आहे "या कारणावरून" गुन्हा केलेला असला पाहिजे. या दोन शब्दांवर किती खटले बुडाले याची मोजदाद नाही. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण खैरलांजीचं. 29 सप्टेंबर 2006, भंडारा जिल्हा, एकाच दलित कुटुंबातल्या चौघांचा खून. त्याआधी त्या घरातल्या बायकांनी एका मारहाणीच्या प्रकरणात आरोपींविरुद्ध जबाब दिला होता, आणि आरोपी जामिनावर सुटले त्याच दिवशी हे घडलं. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना खुनासाठी दोषी ठरवलं, सहा जणांना फाशीची शिक्षा दिली, पण अॅट्रॉसिटी लावली नाही. 2010 मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीच्या जागी पंचवीस वर्षांचा तुरुंगवास दिला आणि हेतूबद्दल मत तेच ठेवलं की हा साक्ष दिल्याचा सूड होता.

सूड होताच. पण त्या गावात एखाद्या सवर्ण घराने जबाब दिला असता तर पूर्ण घर संपवायची हिंमत झाली असती का, हा प्रश्न कोर्टापुढे पुरावा म्हणून नीट आलाच नाही. तुमच्या प्रकरणाची गाठ इथेच आहे. भांडण कशावरून सुरू झालं हा एक प्रश्न. या माणसाशी ते या थराला का गेलं, हा दुसरा. पोलीस पहिल्याचं उत्तर देतात आणि फाइल मिटवतात.

कायदा मात्र पुढे सरकलाय. 26 जानेवारी 2016 पासून "या कारणावरून" ऐवजी "हे माहीत असताना" असे शब्द आले. म्हणजे जातीमुळे मारलं हे सिद्ध करायची गरज उरली नाही, जात माहीत होती एवढं पुरतं. आणि माहीत होती हे दाखवायलाही त्याच कायद्याचं कलम 8(c) मदतीला आहे. आरोपीची काकांशी किंवा घराशी वैयक्तिक ओळख असेल, तर जात माहीत होती असं कोर्टाने धरून चालायचं, नव्हती हे आरोपीने दाखवायचं. एका बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांना हे जड जातं. 14 एप्रिलच्या कार्यक्रमाची वर्गणी मागायला काका त्यांच्या दारात गेले असतील, घरातल्या लग्नाची पत्रिका त्यांना दिली असेल, एकमेकांच्या घरी येणं-जाणं असेल, ते सगळं जबाबात घाला. नुसतं आडनाव पुरत नाही, आडनावं सगळीकडे सारखी असतात.

2016 च्या आधीच्या गुन्ह्यांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2021 रोजी पाटन जमाल वली खटल्यात सांगितलं की "कारणावरून" म्हणजे "फक्त याच कारणावरून" असा अर्थ होत नाही. जात हे अनेक कारणांतलं एक असू शकतं. प्रकरण आंध्रमधल्या दृष्टिहीन अनुसूचित जातीच्या तरुणीवरच्या बलात्काराचं होतं. पण हे सांगूनही त्याच निकालात अॅट्रॉसिटीची शिक्षा रद्द झाली, कारण जातीबद्दलचा वेगळा पुरावा खटल्यात आणलेलाच नव्हता. बलात्काराची जन्मठेप कायम राहिली. तत्त्व जिंकलं आणि पुरावा हरला, असं हे प्रकरण मला नेहमी वाटतं.

आता तुमच्या फाइलकडे येऊ. तुमची पहिली लढाई जातीची नाही, पाइपची आहे. काकांच्या दुखापतीला पोलिसांनी न्याय संहितेचं साध्या गंभीर दुखापतीचं 117(2) लावलं असेल तर कमाल शिक्षा सात वर्षं. ती दहाच्या खाली, म्हणून 3(2)(v) लागूच होत नाही. मग अॅट्रॉसिटी कायद्याचं फक्त 3(2)(va) उरतं, त्यात शिक्षा मूळ गुन्ह्याइतकीच. त्यातही अटकपूर्व जामिनाला बंदी, विशेष न्यायालय, नुकसानभरपाई हे मिळतं, पण शिक्षा वाढत नाही. लोखंडी पाइप हे घातक हत्यार ठरलं तर न्याय संहितेचं कलम 118(2) येतं, त्यात दहा वर्षं किंवा जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, आणि तिथून 3(2)(v) चा दरवाजा उघडतो. म्हणून पाइप पंचनाम्यात जप्त झाला का, लांबी-जाडी लिहिली का, डॉक्टरांच्या कागदावर "लोखंडी पाइपने" असं आहे की नुसतं "मारहाण" आहे, हे आजच बघा. हाड मोडल्याचा एक्सरे आणि एमएलसीची, म्हणजे दवाखान्यात पोलीस केससाठी केलेल्या वैद्यकीय नोंदीची, नक्कल घ्या.

दुसरं, शब्द. एफआयआरमध्ये "जातीवाचक शिवीगाळ केली" एवढंच लिहिलेलं मी शेकडो वेळा पाहिलंय. न्यायाधीशांना त्यातून काहीच कळत नाही. कोण, काय बोललं, ते शब्द जसेच्या तसे, कितीही घाणेरडे असले तरी, आणि कुठल्या फटक्याच्या वेळी, हे लिहून घ्या. आधीच्या एफआयआरमध्ये नसेल तर लगेच पुरवणी जबाब द्या. महिनाभराने दिलेला पुरवणी जबाब उलटतपासणीत "नंतर सुचलेलं" ठरतो. मात्र ऐकलेला नाही असा एकही शब्द घालू नका. एक खोटा शब्द पकडला गेला की खरे दहाही संशयात जातात.

शिवीगाळीचं कलम 3(1)(r) आणि (s) वेगळं लावून घ्या, त्याला "लोकांच्या नजरेसमोर" ही अट आहे. 2020 च्या हितेश वर्मा निकालात जमिनीच्या वादातली घराच्या चार भिंतींतली शिवीगाळ या कलमात बसली नाही. पण 2008 च्या स्वर्ण सिंग निकालात घराच्या फाटकापाशी उभ्या गाडीजवळचा अपमान लोकांच्या नजरेसमोर धरला गेला. त्यामुळे तुमची पार्किंगची जागा उपयोगाची आहे. तिथे कोण उभं होतं, बाल्कनीतून कोणी पाहिलं, वॉचमन कुठे होता, ही नावं द्या. घरच्यांशिवाय एक तरी बाहेरचा साक्षीदार हवा.

हितेश वर्मात कोर्टाने हेही म्हटलं की प्रत्येक अपमान अॅट्रॉसिटी नसतो, तो जातीमुळे केलेला असावा लागतो. तिथे तुम्हाला सर्वांत जास्त मदत करील ती तुलना. त्याच जागी आधी दुसऱ्या कोणी गाडी लावली होती का? मी एका प्रकरणात सोसायटीचं तक्रारींचं रजिस्टर मागवलं होतं, निळ्या पुठ्ठ्याचं, कोपरे झिजलेलं. त्याच मोकळ्या जागेवर गाडी लावल्याच्या चार नोंदी होत्या, चार वेगवेगळ्या सभासदांच्या. चौघांना सेक्रेटरीने लेखी समज दिली. पाचव्याला, आमच्या फिर्यादीला, मार पडला. त्या एका पानामुळे "पार्किंगचं भांडण" हा बचाव कमजोर झाला. तुमच्याकडे असं रजिस्टर, व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे जुने मेसेज, आधीचे टोमणे, काहीही असेल तर स्क्रीनशॉटवर थांबू नका. मूळ फोन जपा, अशा डिजिटल पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागेल.

इंग्लंडमध्ये ही अडचण वेगळ्या तऱ्हेने सोडवली आहे. 1998 च्या कायद्यात हेतू शोधण्याला पर्याय ठेवलाय. मारताना, त्याच्या लगेच आधी किंवा नंतर वांशिक (पुढे धार्मिकही) वैर उघड दिसलं, तर तेवढ्यावर गुन्हा वरच्या दर्जाचा ठरतो, वाद मुळात कशाचाही असो. साध्या मारहाणीची सहा महिन्यांची कमाल शिक्षा त्यामुळे दोन वर्षांवर जाते. आरोपीच्या मनात शिरावं लागत नाही, तोंडातून काय निघालं ते पुरतं. आपल्याकडे अशी तरतूद हवी असं माझं ठाम मत आहे, विशेषतः धर्मावरून किंवा परप्रांतीय म्हणून मार खाणाऱ्यांसाठी, कारण हल्लेखोर चार असतील तर त्यांच्यासाठी जमावाची कलमंही उघडत नाहीत.

तुम्ही बौद्ध आहात म्हणून बचावपक्ष "धर्म बदलला, जात गेली" म्हणेल. 1990 च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. काकांचा जातीचा दाखला जोडा. आरोपी अनुसूचित जाती-जमातीचे नाहीत हेही तपासात नोंदलं गेलं पाहिजे, ते राहून गेलं तर खटला तिथेच अडकतो. तपास सहायक पोलीस आयुक्तांनी करायचा असतो, खालच्या अधिकाऱ्याने केला तर बचावपक्ष ते उकरून काढतो. आरोपींनी अटकपूर्व जामीन मागितला तर "प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नाही" एवढाच त्यांचा मुद्दा असेल, म्हणून वरचे शब्द आणि साक्षीदार कागदावर त्याआधी यायला हवेत.

आणि पार्किंगच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग. बहुतेक डीव्हीआर काही दिवसांनी जुनं पुसून नवं लिहितात, आणि तुमचे चार दिवस गेलेत. सेक्रेटरीला आजच लेखी पत्र द्या, पोच घ्या, त्याची प्रत एसीपी कार्यालयात द्या आणि रेकॉर्डिंग पंचनाम्याने ताब्यात घ्यायला सांगा. आवाज रेकॉर्ड होत नसला तरी चालेल. कोण किती जवळ उभं होतं एवढं दिसलं की बाल्कनीतल्या साक्षीदाराला ऐकू आलं असेल की नाही, हे त्यातूनच ठरतं.