मावशींचा पगार खात्यावर पाठवताय? मग उचलीची वही आधी घाला

बँकेत नोंद असतेच, मग वही कशाला, असं सुरुवातीला मलाही वाटायचं. पण बँकेला फक्त जमा झालेली रक्कम दिसते. पगार किती ठरला आणि त्यातून काय कापलं, हे तिथे कुठेच नसतं.

आमच्याकडचंच सांगते. मावशींचा पगार ८,०००. मे महिन्यात लेकीच्या फीसाठी त्यांनी १२,००० उचल घेतली, दरमहा २,००० कापायचं ठरलं. जूनपासून खात्यावर ६,००० जायला लागले. ऑगस्टमध्ये मावशी म्हणाल्या, "ताई, किती फिटले?" आणि मला पटकन सांगता येईना. त्या दिवशी वही घातली. एका महिन्याला एक ओळ:

जून: पगार ८,०००, कपात २,०००, पाठवले ६,०००, उचल बाकी १०,०००.

दिवाळीच्या महिन्यात कपात थांबवली, तर त्या ओळीत कपात शून्य लिहिली आणि बाकी तशीच पुढे नेली.

नवीन माणसाच्या हमखास होणाऱ्या चुका अशा:

- पगार आणि उचल एकाच रकमेत पाठवणं. दोन वेळा वेगवेगळे पाठवा, शेऱ्यात "जून पगार" किंवा "उचल" लिहा.
- उचल रोख देणं आणि लिहायचं विसरणं. रोख दिलीच, तर त्यांच्यासमोर लिहून सही घ्या.
- न सांगता खाडे कापणं. महिन्याला किती सुट्ट्या भरपगारी, हे आधीच ठरवा.

पैसे पाठवले की तीच ओळ मावशींनाही व्हॉट्सॲपवर पाठवा. वाचता येत नसेल, तर आवाजात सांगून पाठवा.