ओढ कुठे, दाब कुठे, ते आधी बघ

बाळा,

पुलाच्या नमुन्यासाठी पुठ्ठा, बाल्साचं लाकूड, आइस्क्रीमच्या काड्या आणि माती, यांत सगळ्यात मजबूत काय, असं तू विचारलंस. कशाला मजबूत? ओढायला की दाबायला? हे ठरल्याशिवाय सामान ठरत नाही. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात रंगरंगोटी केलेले पूल बक्षीस घेऊन जातात आणि पूल कुठे मोडेल हे करणाऱ्या पोराला सांगता येत नाही, याची मला आजही खंत आहे. मी परीक्षकांशी वाद घालतो, म्हणून लोक हेकेखोर म्हणतात. म्हणू देत.

माती दाब सोसते, ओढ सोसत नाही. सपाट पूल केलास तर तो खालून तडकेल. मातीची कमान कर आणि तिचे पाय सरकू देऊ नकोस. पण आपल्या रानातली काळी माती नको. वाळताना ती किती आक्रसते, हे उन्हाळ्यातल्या भेगा बघून तुला ठाऊकच आहे.

तुझ्या ४० सेंटिमीटरच्या पुलाला काड्याच घे. त्रिकोण जोडून दोन बाजू उभ्या कर. मधोमध वजन टांगलं की वरची ओळ दाबली जाते, खालची ओढली जाते. एक काडी दोन्ही टोकांना धरून ओढून बघ, तुटणार नाही. तीच तळहातांमध्ये उभी धरून दाब, लगेच पातळ अंगाला वाकेल. म्हणून वरच्या ओळीत दोन-दोन काड्या पाठीला पाठ लावून चिकटव. जाडी दुप्पट झाली की त्या अंगाला वाकायचा विरोध आठपट होतो. खालच्या ओळीत काडी टिकते, सांधा सुटतो. तिथे टोकाला टोक लावायचं नाही. काड्या किमान २ सेंटिमीटर एकमेकींवर चढव, फेविकॉल लाव, कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर ठेव. घाई करू नकोस, सांगून ठेवतो.

बाल्सा हलका असतो, पण मऊ. नखानेही दबतो, त्यामुळे सांध्यापाशी चेंगरतो. पुलाच्या वजनावर गुण असतील तरच बाहेरून मागव. खोक्याच्या पुठ्ठ्यातल्या नळ्या दाबाच्या दिशेने धर, आडव्या नकोत. आणि ओल लागू देऊ नकोस.

पूल झाला की मधोमध बादली टांग आणि पाणी ओतत जा. एक लिटर म्हणजे एक किलो, अधिक बादलीचं वजन. तू मात्र पाण्याकडे बघू नकोस. पुलाच्या टोकाशी बसून एक डोळा मिटून वरची ओळ बघ. ती बाजूला धनुष्यासारखी वाकली तर थांब, दोन्ही बाजूंच्या वरच्या ओळी आडव्या काड्यांनी एकमेकींना बांध. काडीची मोकळी लांबी निम्मी झाली की तीच काडी चौपट दाब सोसते. वरची ओळ सरळ आणि खालचा सांधा उघडतोय, तर दोष गोंदाचा आहे, काडीचा नाही. अशा वेळी काड्या वाढवत बसलीस तर पुलाचं वजन तेवढं वाढेल.

तुझे सर