अटकपूर्व जामीन म्हणजे पैसे भरण्याची हमी नव्हे

प्रश्न: भागीदाराने भावावर १८ लाखांच्या फसवणुकीची तक्रार दिली आहे. अटकपूर्व घ्यावा, की अटक झाल्यावर नेहमीचा जामीन घेतला तरी चालेल? मिळाल्यावर पोलीस ठाण्यात जावं लागतं का? वकील म्हणतात, अर्जातच पाच लाख भरायची तयारी दाखवा.

उत्तर:

पाच लाखांचं वाक्य अर्जात घालू नका. का, ते शेवटी सांगतो.

नेहमीचा जामीन कोठडीतल्या माणसाला मिळतो, तोही बहुतेकदा पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडी झाल्यावर. अटकपूर्व आदेशाने (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३८, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४८२) अटक टळतेच असं नाही. ‘अटक केल्यास अमुक रकमेच्या जातमुचलक्यावर आणि जामीनदारावर सोडा’ असा तो हुकूम असतो. म्हणून जामीनदार आणि त्याची कागदपत्रं आधीच तयार ठेवा, नाहीतर आदेश खिशात असूनही भाऊ ठाण्यातच बसून राहील. हा आदेश सत्र किंवा उच्च न्यायालयच देतं, मॅजिस्ट्रेट नाही. गुन्हा नोंद होण्याची वाट पाहावी लागत नाही. पण अटकेची भीती कशावरून, हे दाखवावं लागतं.

आता अर्ज करावा का? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला (कलम ३१८(४)) कमाल शिक्षा ७ वर्षं, भागीदारीच्या पैशाच्या अपहाराला (३१६(२)) ५ वर्षं. ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नसते. अटक गरजेची नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन बोलवायचं असतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेशकुमार निकालात जुन्या संहितेच्या कलम ४१अ संदर्भात बजावलं आहे. नोटीस आली आणि भाऊ तारखेला हजर राहिला, तर कारणं लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. अशी नोटीस हातात असताना घाईने अर्ज करणं मला पटत नाही. अर्ज दाखल झाला म्हणून अटक थांबत नाही, ती अर्जाचा निकाल लागेपर्यंत कोर्टाने दिलेल्या अंतरिम संरक्षणानेच थांबते. सरकारी वकिलांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, येऊन अर्ज फेटाळला गेला, तर ते संरक्षणही जातं आणि उच्च न्यायालयात पोहोचेपर्यंत मध्ये काहीच उरत नाही. फेटाळला जाण्याची शक्यता दिसली, तर उच्च न्यायालयात जाण्यापुरतं अंतरिम संरक्षण चालू ठेवा, अशी विनंती त्याच वेळी करून ठेवावी. नोटीस नाही आणि पोलीस घरी येऊन ‘ठाण्यात चला’ म्हणत असतील, तर मात्र अर्ज आजच करा.

ठाण्यात जावं लागतं का? हो. तपासासाठी हजर राहणं, साक्षीदारांना धमकी किंवा लालूच न देणं, परवानगीशिवाय देशाबाहेर न जाणं, या अटी कलमातच आहेत. वर कोर्ट ‘दर सोमवारी सकाळी ११ ते १ हजेरी’ अशी भर घालतं. हजेरीची नोंद होते का ते पाहा, कागद दिले तर पोच घ्या. पुढे सरकार पक्ष जामीन रद्द करायला येतो तेव्हा ‘आरोपी तपासाला सहकार्य करत नाही’ हेच पहिलं वाक्य असतं. त्याला उत्तर म्हणून पोच दाखवता आली पाहिजे. सहकार्य म्हणजे कबुली मात्र नव्हे. भावाने हिशेबवह्या, बँकेचे उतारे दिले, विचारलेल्याला उत्तर दिलं, तर ‘त्याने गुन्हा मान्य केला नाही’ हे असहकार्य ठरत नाही.

मुदतीबद्दल: दोषारोपपत्र आल्यावर पुन्हा जामीन घ्यावा लागतो, असं अजूनही सांगितलं जातं. ते जुनं झालं. सुशीला अग्रवाल प्रकरणात घटनापीठाने २०२० मध्ये सांगितलं की कोर्टाने खास मुदत घातली नसेल, तर हा जामीन खटला संपेपर्यंत चालू शकतो.

आता पैसे. ‘पाच लाख भरतो म्हणा, लगेच अंतरिम मिळतं’ हा सल्ला कोर्टाच्या आवारात सर्रास दिला जातो आणि अशिलाला तोच बुडवतो. मग मुदतीत रक्कम उभी राहत नाही, हमी मोडली म्हणून जामीन रद्द करण्याचा अर्ज येतो, आणि ज्या वादात भावाची बाजू कदाचित बळकट होती तिथे त्याने देणं मान्य केल्यासारखं दिसतं. जामीन कोर्ट हे वसुलीचं ठिकाण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रमेशकुमार प्रकरणात सांगितलं. महाराष्ट्रातूनच गेलेल्या गजानन गोरे प्रकरणात २०२५ मध्ये तर ते आणखी पुढे गेलं: आरोपीने स्वतःहून दिलेल्या रक्कम भरण्याच्या हमीवरही जामीन देऊ नये. म्हणजे ते वाक्य आता कोर्टापुढेही टिकणारं नाही. भागीदाराला खरंच देणं असेल, तर तडजोड वेगळी करा, लेखी करा, जामीन अर्जात मिसळू नका.

हे सगळं वरच्या दोन कलमांपुरतं. तक्रारीत अॅट्रॉसिटीचं कलम घातलं असेल, तर त्या कायद्याच्या कलम १८ ने अटकपूर्वची वाट बंद होते. प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नाही हे दाखवता आलं, तरच ती उघडते. तेव्हा आधी फिर्यादीची प्रत मिळवा आणि कलमं वाचून घ्या.