गच्चीवरचा फुटबॉल आणि झोपताना येणारं रडू

“मॅडम, माझा 6 वर्षांचा मुलगा रोज रात्री एकच गोष्ट मागतो. गच्चीवर विसरलेल्या फुटबॉलची. मीच रचलीय ती. एका ठराविक जागी आला की रडतो, पण दुसरी गोष्ट सांगू देत नाही. बंद करू का?”

बंद करू नका, असं मी त्या आईला पहिल्याच भेटीत सांगितलं. मूल रडत असूनही जी गोष्ट पुन्हा पुन्हा मागतं, तिच्यात त्याचं काहीतरी काम चाललेलं असतं. काय चाललंय ते कळावं म्हणून मी तिला ती गोष्ट माझ्यासमोरच त्याला सांगायला लावली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

गोष्ट साधी होती. पाण्याच्या टाकीमागे एक फुटबॉल अडकलाय. दिवसा उन्हानं फुगतो, रात्री गारव्यानं थोडा आकसतो, म्हणजे हळूहळू श्वास घेतो. खाली गल्लीत पोरं खेळतात, त्यांचा आवाज त्याला ऐकू येतो. मग तो झोपतो आणि कुणीतरी आपल्याला किक मारतंय असं स्वप्न बघतो. पोरगा रडायचा तो आवाज ऐकू येण्याच्या जागी. आणि आई नेमकी तिथंच घाई करायची. “पण मग मुलं वर आली, फुटबॉल सापडला, गोल!” असं म्हणून मोकळी व्हायची. त्यावर तो चिडून म्हणाला, “नाही आली! तू खोटं सांगतेस!”

मी त्याला गच्चीचं चित्र काढायला दिलं. टाकी, कठडा, फुटबॉल, सगळं आलं. जिना नव्हता. वर जायचं कुठून, असं विचारल्यावर म्हणाला, “जिना नाहीच आहे.” बॉल वर कसा गेला? “दादानं मारला. मुद्दाम नाही मारला.”

दादा जूनमध्ये अकरावी आणि नीटच्या तयारीसाठी लातूरला गेला होता. कोल्हापुरात पेठेतली पोरं तालमीच्या फुटबॉल संघांवर जीव टाकतात. दादा ह्याला खांद्यावर घेऊन शाहू स्टेडियमवर सामने दाखवायचा. घरात मात्र सगळे “दादा डॉक्टर होणार” एवढंच आनंदानं बोलत होते. या पोराला वाईट वाटायला घरात जागाच उरली नव्हती. ती त्यानं टाकीमागे शोधली.

आईला मी दोन गोष्टी करायला सांगितल्या. पहिली, रडण्याच्या जागी थांबायचं. “फुटबॉलला आत्ता काय वाटतंय?” एवढंच विचारायचं आणि गप्प राहायचं, उत्तर नाही आलं तरी चालेल. “तुला दादाची आठवण येते ना?” असं मात्र अंथरुणात मुळीच विचारायचं नाही. फुटबॉलच्या आडून तो बोलू शकतो. आडोसा काढून घेतला की तोंड मिटतो, हे मी अनेक मुलांमध्ये पाहिलंय. दादाबद्दल बोलायचं ते दिवसा, भाकरी थापताना, शाळेतून येताना, आणि तेही आपल्यापासून सुरुवात करून: “मला आज त्याची फार आठवण आली.”

दुसरी, शेवट खरा आणि शांत ठेवायचा. दादा दिवाळीशिवाय येणार नव्हता, मग गोष्टीत तरी तो आज रात्री कसा येईल? आणि झोपताना गोल झाला की मूल उठून बसतं. किक स्वप्नातच राहू द्यायची. आवाज हळू करत आणायचा, वाक्यं लहान करत जायची.

अशा गोष्टीचा उपयोग होतोय की नाही, हे रडणं थांबण्यावरून ठरवू नका. गोष्ट बदलतेय का ते बघा. मूल एखादा नवा शब्द घालतं, एखादं पात्र आणतं. तीन-चार आठवडे शब्दनशब्द तीच गोष्ट, तेवढंच रडू आणि गोष्ट संपल्यावरही तो शांत होत नसेल, किंवा अंथरूण ओलं होणं, शाळेला नकार, रात्री दचकून उठणं असं नव्यानं सुरू झालं, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवायला हवं. मग घरातल्या गोष्टीवर भागत नाही.

या पोराची गोष्ट नवव्या रात्री हलली. आई थांबली, विचारलं, आणि बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “त्याला राग आलाय.” ती फक्त “हं” म्हणाली. मला ते “हं” फार आवडलं, कारण दोन आठवड्यांपूर्वी तिनं त्याला लगेच समजावलं असतं. पुढच्या काही रात्रींत टाकीवर एक कावळा आला. तो फुटबॉलला खालच्या सामन्यांचा स्कोअर सांगायचा. रविवारी फोनवर दादाला कावळ्याची बातमी कळली, तेव्हा त्यानं विचारलं, “बॉलमधली हवा गेली असेल की रे आता?”

त्या रात्री पोरानं आईला मध्येच थांबवलं. हवा कमी झालीय, पण फुटबॉल फाटलेला नाही, असं गोष्टीत सांगायला लावलं. पंप आणि पिन दादाच्या कपाटात आहे, हेही घालायला लावलं. मग कूस बदलली. स्वप्नाचा भाग यायच्या आधीच त्याला झोप लागली होती.