रुग्ण निम्म्यावर आले, पण मोहिमेमुळे आले का?

प्रश्न : डेंग्यूसाठी धूरफवारणी आठवड्यातून किती वेळा करावी?

ठरावीक वारी करण्याची ती गोष्टच नाही. धूर त्या वेळी उडत असलेल्या डासांनाच लागतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास बहुधा घरात, पलंगाखाली किंवा कपड्यांमागे बसलेला असतो आणि पाण्यातल्या अळ्यांवर धुराचा काहीच परिणाम होत नाही. साथीत फवारणी लागलीच, तर औषध आणि मात्रा कीटकशास्त्रज्ञाला ठरवू द्या.

प्रश्न : आवाजाने डास पळवणारे यंत्र विक्रेता सगळ्या घरांना सवलतीत देतो आहे. घ्यावे का?

नाही. अशा यंत्रांनी चावे कमी होत नाहीत, हे चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. तो पैसा टाक्यांच्या घट्ट झाकणांवर घाला.

प्रश्न : आम्ही वस्तीत दर आठवड्याला भांडी रिकामी केली, टाक्या झाकल्या, हौदात गप्पी मासे सोडले. गेल्या वर्षी ८० रुग्ण होते, यंदा ४०. 'डेंग्यू निम्मा केला' असे अहवालात लिहू ना?

लिहू नका. काम तुम्ही योग्य केलेत, पण त्याचे फळ किती हे या दोन आकड्यांवरून कळत नाही. हाच हिशेब माझ्याकडे सतत येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

डेंग्यूची साथ काही वर्षांच्या अंतराने उसळते आणि पुष्कळांना संसर्ग होऊन गेला की आपोआप ओसरते. मोहिमा मात्र मोठ्या साथीनंतरच, लोक घाबरलेले असताना सुरू होतात. त्यामुळे पुढच्या वर्षी काहीही न करता आकडा खाली येण्याचीच शक्यता जास्त असते.

समजा, जिथे मोहीम झाली नाही अशा शेजारच्या वस्तीत ७८ चे ५२ झाले. म्हणजे तिथे एक-तृतीयांश रुग्ण मोहिमेविनाच घटले. तुमच्याकडेही तेवढीच घट झाली असती, तर ८० चे सुमारे ५३ झाले असते. प्रत्यक्षात ४० झाले. मोहिमेच्या वाट्याला येऊ शकते ती ५३ ते ४० ही घट, म्हणजे निम्मी नव्हे, सुमारे पाव.

हा पावही पक्का नाही, कारण तुलना एकाच वस्तीची एकाच वस्तीशी आहे. प्रत्येकी हजार घरे असली तरी नमुना दोनचाच, कारण एका वस्तीतल्या घरांचे पाणी, डास आणि विषाणू सामाईक असतात. ती वस्ती इतर कारणाने वेगळी असेल, तर तो फरक मोहिमेच्या खात्यावर जमा होतो. म्हणून बऱ्याच वस्त्या घ्याव्या लागतात आणि मोहीम कुठे राबवायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे लागते. उत्साही वस्त्या आपणच निवडल्या की तुलना तिथेच बिघडते.

निकाराग्वातील मानाग्वा आणि मेक्सिकोतील गेरेरो इथे असे काम झाले. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १५० वस्त्यांपैकी निम्म्यांत लोकांनी स्वतः, कीटकनाशकाविना, डासांची पैदास रोखली. दवाखान्यातल्या नोंदींवर संशोधक विसंबले नाहीत, कारण डेंग्यूचे बहुतेक संसर्ग लक्षणांविना होतात आणि गाजावाजा झाला की तपासण्याही बदलतात. त्यांनी ३ ते ९ वर्षांच्या मुलांच्या लाळेतील प्रतिपिंडे दोनदा तपासून नवे संसर्ग मोजले. संसर्गाचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. इतक्या मेहनतीच्या मोहिमेचे फळ ३० टक्के असेल, तर दोन आकड्यांवरून ५० टक्क्यांचा दावा मला घातक वाटतो. पुढच्या वर्षी साथ उसळली की त्याच दाव्यामुळे लोक चांगले कामही सोडून देतात.

पुढचा हंगाम सुरू होण्याआधी, संपल्यावर नव्हे, साथरोगतज्ज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञाला भेटा.

प्रश्न : रुग्ण सोडा. अळ्या सापडलेली घरे शंभरात २० वरून ८ वर आली. एवढा पुरावा पुरे ना?

काम झाल्याचा पुरावा आहे, आजार घटल्याचा नाही. या मोजणीत चार अळ्यांची कुंडीखालची बशी असलेले घर आणि शेकडो कोष असलेल्या पिंपाचे घर सारखेच धरले जाते. कोषातून डास एक-दोन दिवसांत बाहेर पडतो, म्हणून दर माणशी कोष मोजा. बशा रिकाम्या झाल्या आणि पिंपे तशीच राहिली, तर घरांचा आकडा सुधारेल, डास नाही. पिंपे रिकामी करताना आतल्या कडा घासा. तिथे चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात.

प्रश्न : मुलाला चार दिवस ताप होता, आज उतरला. पोट दुखते म्हणतो. मोहिमेच्या नोंदीत त्याला डेंग्यू म्हणून धरावे का?

नोंद राहू द्या, त्याला आत्ता डॉक्टरकडे न्या. डेंग्यूत ताप उतरतानाच धोक्याचा काळ सुरू होतो आणि पोटदुखी ही धोक्याची खूण आहे. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका. उद्यापर्यंत वाट पाहू नका.